तारखांची वजाबाकी

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. तेव्हापासून ६ जून २०२४ पर्यंत नेमके किती दिवस गेले? महिने आणि लीप वर्षं मोजत बसलं तर चूक होणारच. म्हणून खगोलशास्त्रज्ञ आणि आकडेवारीचे विश्लेषक दोन्ही तारखांचे ज्युलियन दिनक्रमांक काढतात आणि वजाबाकी करतात.

ही मोजणी इ.स.पू. ४७१३ च्या १ जानेवारीच्या दुपारपासून सुरू होते. तो आरंभ जोसेफ स्कॅलिजर याने १५८३ मध्ये आखलेल्या ७९८० वर्षांच्या चक्रातून आला. दिवस दुपारी बदलतो, त्यामुळे रात्रभराच्या वेधांना एकच क्रमांक मिळतो. आपल्याकडचे पंचांगकर्ते हेच काम अहर्गणाने करत आले. गणेश दैवज्ञांनी तर ‘ग्रहलाघव’ ग्रंथात ४०१६ दिवसांचं चक्र धरून मोठे आकडे टाळले.

आता आपली वजाबाकी. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये एक ओळ पुरते:

```
SELECT julianday('2024-06-06') - julianday('1674-06-06');
```

उत्तर येतं १,२७,८३५. ते चुकीचं आहे, आणि हे वारावरून कळतं. दुपारच्या दिनक्रमांकाला ७ ने भागून बाकी ० उरली तर सोमवार, १ उरली तर मंगळवार. डेटाबेसच्या हिशेबाने ६ जून १६७४ चा क्रमांक २३,३२,६३३ होतो. बाकी २, म्हणजे बुधवार. पण जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असताना राजे सिंहासनावर बसले अशी नोंद आहे.

गोम कॅलेंडरात आहे. डेटाबेस ग्रेगरियन पद्धत मागच्या काळातही तशीच ताणतो. ६ जून ही तारीख मात्र जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली आहे. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत सोडलं नव्हतं. त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. म्हणून ग्रेगरियन १६ जून घालायला हवी. मग क्रमांक येतो २३,३२,६४३. बाकी ५, म्हणजे शनिवार. शकावलीचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटेचा तो क्षण अजून शुक्रवारातच मोडतो. वार जुळला. ६ जून २०२४ चा क्रमांक २४,६०,४६८. वजाबाकी केली की १,२७,८२५ दिवस.

वजाबाकी स्वतः कधी चुकत नाही. चूक होते ती तारखेचा क्रमांक करताना. मुंबईच्या इंग्रजांचं आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचं पत्र शेजारी ठेवलं की हा धोका लगेच उभा राहतो, कारण पोर्तुगालने नवं कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारलं होतं. जुन्या कागदांतल्या तारखा संगणकात भरणाऱ्यांनी प्रत्येक तारखेसमोर कॅलेंडर आणि मूळ कागदातला वार, असे दोन रकाने जरूर ठेवावेत.