फोटोतला कागद, वहीतली मराठी

जर्मनीतल्या शाळांमध्ये पाठ्यपुस्तकाबरोबरच ‘आर्बाइट्सब्लाट’ला मोठं महत्त्व असतं. एक-दोन पानांचा हा कागद शिक्षक तासाला वाटतात. त्यावर थोडा मजकूर, एखादी आकृती आणि खाली प्रश्न असतात. मुलं त्याला भोकं पाडून तो फाइलला लावतात.

या गोष्टीतली मुलगी पुण्याची. मराठी माध्यमात विज्ञान शिकलेली, मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या सुरुवातीच्या पातळ्या पूर्ण केलेली, आणि आता विद्यार्थी-देवाणघेवाणीतून वर्षभरासाठी स्टुटगार्टजवळच्या एका गिम्नाझियममध्ये दाखल झालेली. दुकानात बोलण्यापुरती जर्मन तिला येते, पण जीवशास्त्राचा कागद हातात आला की ती अडते. म्हणून ती संध्याकाळी कागदाचे फोटो काढते, फोनवर त्यातला मजकूर वेगळा करून घेते आणि शब्दकोश शेजारी ठेवून मराठीत नोट्स लिहिते.

आजचा कागद प्रकाशसंश्लेषणाचा आहे. पाण्यातल्या वनस्पतीवर दिव्याचा प्रकाश पाडायचा, दिवा दूर नेत जायचा आणि दर मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायचं, असा प्रयोग. निष्कर्षाच्या ओळीत ‘निम्ट’ हे क्रियापद आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘घेते’ असा सापडतो, पण ‘बुडबुड्यांची संख्या घेते’ या वाक्याला काहीच अर्थ लागत नाही.

जर्मन क्रियापदाचा एक तुकडा अनेकदा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. ‘निम्ट’ आणि शेवटी ‘आउफ’ असेल तर ‘शोषून घेते’, ‘त्सू’ असेल तर ‘वाढते’, ‘आब’ असेल तर ‘कमी होते’. तिच्या फोटोत उजवी कड कापली गेली होती आणि शेवटचा छोटा शब्द नेमका तिथेच होता. बुडबुडे वाढले की घटले, हे त्या एका शब्दावर ठरतं. तिने पुन्हा फोटो काढला तेव्हा ‘आब’ दिसला: दिवा दूर गेला की बुडबुडे कमी होतात.

तेव्हापासून ती आधी कागदाची चारही टोकं चौकटीत आली का ते बघते. कागद खिडकीजवळ सपाट ठेवते, फोन त्याला समांतर धरते, फोनची सावली पडू देत नाही. पान दोन स्तंभांचं असेल तर प्रत्येक स्तंभाचा वेगळा फोटो, नाहीतर फोन डावीकडची ओळ थेट उजवीकडच्या ओळीला जोडतो. वेगळा केलेला मजकूर ती मूळ फोटोशी ताडून पाहते. अक्षरांवरचे दोन ठिपके गळाले की ‘द्र्यूकेन’चं ‘द्रुकेन’ होतं, म्हणजे ‘दाबणे’चं ‘छापणे’. सूत्रातलं 6O₂ कधी 602 होऊन येतं. ओळीच्या शेवटी तुटलेला लांब शब्द जोडून घेतला नाही, तर तो शब्दकोशात मिळत नाही.

आकडे फोनने बरोबर वाचले तरी फसवतात. कागदावर 1.000 लक्स छापलं आहे. आपल्या सवयीने तो एक लक्स वाटतो, पण जर्मन छपाईत हजाराची फोड टिंबाने करतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणून वहीत 1,000 लक्स लिहायचं, आणि 0,5 टक्के दिसलं की 0.5.

संज्ञांसाठी तिने स्वतः शब्द घडवले नाहीत, हे तिचं सर्वांत शहाणपणाचं काम. ‘श्पाल्टओफ्नुंगेन’ची फोड केली तर फटीसारखी उघडी जागा एवढंच हाती लागतं. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना पर्णरंध्रे म्हणतात, आणि तो शब्द दिसताच शाळेत शिकलेला सगळा धडा तिला आठवतो. वहीत डावीकडे लिंगासह जर्मन संज्ञा, उजवीकडे बालभारतीचा शब्द, आणि खाली मराठीत दोन-तीन वाक्यांचं स्पष्टीकरण, अशी तिची मांडणी आहे.

डावीकडची बाजू गाळून चालत नाही, कारण उत्तर जर्मनमध्येच लिहायचं असतं. प्रश्नाचं क्रियापदही ती मुळातूनच उतरवते. ‘बेश्राइबे’ असेल तर आलेखात दिसतं तेवढंच लिहायचं: अंतर वाढलं, बुडबुडे घटले. ‘एर्क्लेऽरे’ असेल तर कारण द्यायचं: वनस्पतीला प्रकाश कमी मिळाला, प्रकाशसंश्लेषण मंदावलं, ऑक्सिजन कमी सुटला. दोन्हींपुढे नुसतं ‘सांगा’ लिहून ठेवलं तर उत्तर कितपत लिहायचं हे कळत नाही.

शेवटी ती कागद झाकते, मराठी नोट वाचून तेच वाक्य जर्मनमध्ये लिहिते आणि फोटोशी ताडते. जिथे अडते, तिथे विषय समजलेला असतो पण भाषा आलेली नसते. ती जागा ती दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारते.

परदेशी शाळेत जाणाऱ्या मुलांनी निघण्यापूर्वी बालभारतीची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं फोनमध्ये उतरवून घ्यावीत. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.