तलवारींची तिर्री

दोन वर्षांपूर्वी सकाळी चहा उकळत असताना मी टॅरोची गड्डी पिसली आणि एक पत्ता ओढला. निघाली तलवारींची तिर्री: लालभडक हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. पोटात धस्स झालं. ‘खुलासा’ म्हणून दुसरा पत्ता काढला, तर विजेने कोसळणारा मनोरा. मग तिसरा, चौथा. उजवा कौल मिळेपर्यंत देवाला विचारत राहावं, तसं चाललं होतं. दिवसभर मी घरात घुम्यासारखी वावरले आणि रात्री नवऱ्याशी भांडण झालं. पत्ता खरा ठरला म्हणे! तो मीच खरा करून दाखवला होता.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत निघाले ते खेळण्यासाठी. भविष्य सांगणं फार नंतरचं. आज सर्रास दिसणारी गड्डी 1909 साली लंडनमध्ये निघाली. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आधीच्या बहुतेक गड्ड्यांत तिर्री म्हणजे नुसत्या तीन तलवारी असत. पामेलाने साध्या आकड्यांच्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले. रोज एक पत्ता बघायला त्यामुळेच मजा येते आणि फसगतही तिथेच होते. प्रसंग दिसला की त्यात आपण स्वतःला बसवतोच.

आता मी काढते तो एकच पत्ता. अर्थाचं पुस्तक लगेच उघडत नाही. वहीत आधी चित्रात काय आहे ते लिहायचं. तिर्रीत हृदय आहे, पण रक्ताचा थेंब नाही, माणूसही नाही. मग एक प्रश्न: आज कुणाला टोचून बोलायची शक्यता आहे? पत्ता परत गड्डीत. रात्री त्याखाली एक ओळ, घडलं तेवढंच. काहीच जुळलं नाही तर तसं लिहायचं. या ‘जुळलं नाही’च्या ओळी फार कामाच्या. त्या नसल्या की मन फक्त जुळलेले दिवस लक्षात ठेवतं.

तोच पत्ता पुन्हा आला की लोक हमखास घाबरतात. गड्डीत 78 पत्ते. रोज सगळे पिसून एक काढला, तर सात दिवसांत एखादा तरी पत्ता दोनदा येण्याची शक्यता जवळपास चारात एक. महिनाभरात एकही पत्ता परत आला नाही, तर ते खरं नवल. मृत्यू, मनोरा यांसारखे मोठे पत्ते 22 आहेत, म्हणजे आठवड्यातून सरासरी दोनदा त्यांतला एक हातात येणारच.

हात दुसऱ्या पत्त्याकडे गेला की मी गड्डी डब्यात घालते. त्या वेळी उत्सुकता नसते, भीती असते. आणि खरी काळजी असेल तर त्या माणसाला फोन करावा.

गेल्या महिन्यात तिर्री पुन्हा आली. रात्रीची नोंद अशी: ‘पाऊस होता. छत्री विसरले. बाकी जुळलं नाही.’