न भरणारा व्रण आणि एक चिठ्ठी

जिभेच्या डाव्या कडेला व्रण आणि शेजारच्या दाढेचं टोक तुटून धारदार झालेलं. ५२ वर्षांच्या शेतकऱ्याला वाटतं, दाढच लागतेय. ते खरंही असू शकतं. म्हणून दंतवैद्य टोक घासून गुळगुळीत करतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. कारण दूर झालं की तोंडातली साधी जखम तेवढ्यात भरून येते. ही भरली नाही, तर त्याच दिवशी मुखशल्यचिकित्सकाला चिठ्ठी जायला हवी.

‘व्रण आहे, कृपया पाहावे’ एवढ्याने भागत नाही. चिठ्ठी अशी हवी: “जिभेची डावी कड, १४ × ९ मिमी व्रण, सहा आठवड्यांपासून. दुखत नाही. कडा उचललेल्या, बूड टणक. डाव्या जबड्याखाली टणक गाठ. दाढ दोन आठवड्यांपूर्वी घासली, फरक नाही. तंबाखू-चुना २५ वर्षं. रक्त पातळ करणारी गोळी चालू. कर्करोगाची शंका, तातडीने पाहावे.”

यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘टणक’. तो फोटोत दिसत नाही. हातमोजा घालून जीभ बोटांत धरून चाचपली तरच कळतो. ‘दुखत नाही’ हेही मुद्दाम लिहायचं, कारण सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखत नाही आणि म्हणूनच पेशंट उशिरा येतो.

निदान मात्र तुकडा तपासूनच होतं. तो तुकडा शल्यचिकित्सकानेच, मूळ व्रण पाहून काढलेला बरा. मी चिठ्ठी लिहितानाच फोन करून तारीख घेते. कापूस वेचणीच्या दिवसांत नुसती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशातच राहते.