एका गळ्यात तीन माणसं

ऑडिओबुकचा वाचक माइकपासून वीतभर अंतरावर बसतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात बहुधा हेडफोन असतो. म्हणजे आवाज थेट कानाशी पोहोचतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेसाठी केलेला चढ-उतार इथे आरडाओरडा वाटतो, त्यामुळे पात्रं वेगळी करायला फरक अगदी थोडा लागतो.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधला आंघोळीचा प्रसंग घ्या. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो, आई दगडावर आपले ओचे पसरते आणि मग पायांसारखंच मनही स्वच्छ ठेवायला सांगते. इथे बोलणारे दोन दिसले तरी आवाज तीन आहेत, कारण ही गोष्ट मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना सांगतो आहे. पुरुष वाचकाने निवेदनाला आपला रोजचा आवाज द्यावा. तो ‘सा’ धरला तर छोटा श्याम फार तर ‘ग’पर्यंत चढवावा, शब्द भरभर यावेत, वाक्याचं टोक हट्टाने वर राहावं. आईसाठी आवाज बारीक करण्याचा मोह होतो आणि तिथेच प्रसंग हातचा जातो. नकली बारीक आवाजात माया उमटत नाही, नक्कल तेवढी उमटते. पट्टी निवेदनाच्या जवळच ठेवून स्वर जरा मऊ करावा, गती कमी करावी आणि मनाबद्दलचं वाक्य येण्याआधी क्षणभर थांबावं. श्यामची घाई आणि आईचा संथपणा शेजारी आले की कोण बोलतं आहे ते आपोआप कळतं.

मराठीत एक अडचण हमखास येते. ‘असं आई म्हणाली’ हे बहुतेकदा बोलणं संपल्यावर येतं. आधी नजर टाकलेली नसेल तर आईचं वाक्य श्यामच्या आवाजात निघून जातं. म्हणून तालमीतच संहितेवर प्रत्येक संवादापुढे पात्राची खूण करतात. आणि ‘असं आई म्हणाली’ हे शब्द आईचे नव्हेत, निवेदकाचे आहेत. तिथे आवाज लगेच मूळ पट्टीवर यायला हवा. नवख्यांकडून सर्वांत जास्त निसटते ती हीच जागा.

दुसरा दोष उशिरा उघड होतो. ध्वनिमुद्रण अनेक दिवस चालतं, सकाळी गळा जड असतो, आणि पहिल्या प्रकरणातली आई दहाव्यात निराळीच वाटू लागते. उपाय साधा आहे: प्रत्येक पात्राचं एकेक वाक्य नमुना म्हणून जपून ठेवायचं आणि रोज बसण्यापूर्वी ते ऐकायचं.

अतिअभिनय झाला का, हे तपासायला तो तुकडा दुसऱ्या दिवशी ऐकावा. आईने काय सांगितलं त्याऐवजी तिचा आवाज कसा काढला आहे याकडेच लक्ष गेलं, तर पट्टी आणखी खाली आणून तो पुन्हा वाचावा.