हमिंगचे मूळ: ग्राउंड लूप आणि स्टार ग्राउंडिंग

स्पीकरमधून येणारे हमिंग हा बहुधा विजेच्या तारांमधूनच आलेला आवाज असतो. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हमिंगही ५० हर्ट्झचे किंवा त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचे असते. या दोन आवाजांमधला फरक कानाने ओळखता येतो आणि तो ओळखणे हेच निदानाचे पहिले पाऊल असते. ५० हर्ट्झची गुणगुण खोल आणि गोल असते. ती सहसा बाहेरून, दोन उपकरणांच्या जोडणीतून शिरते. १०० हर्ट्झचा आवाज खरखरीत, भुणभुणल्यासारखा असतो. तो बहुतेक वेळा उपकरणाच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून येतो.

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सर्किटच्या आकृतीत ग्राउंडची खूण जिथे जिथे काढलेली असते, तिथे तिथे शून्य व्होल्ट असल्याचे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ग्राउंड म्हणजे तांब्याची तार असते आणि तारेला थोडा तरी रोध असतोच. तिच्यातून प्रवाह गेला की तिच्या दोन टोकांमध्ये काही व्होल्टेज उभे राहते. तीच तार सिग्नलच्या परतीचीही वाट असेल, तर हे व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळते. पुढच्या उपकरणाला संगीत कोणते आणि घरघर कोणती हे कळत नाही. ते दोन्ही सारखेच मोठे करते.

एका सभागृहाचे उदाहरण घेऊ. लॅपटॉप मंचावर आहे आणि त्याचा तीन पिनांचा चार्जर मंचाजवळच्या सॉकेटमध्ये लावला आहे. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, तिथल्या सॉकेटवर चालतो. दोन्ही सॉकेटच्या अर्थिंगच्या तारा शेवटी एकाच वितरण पेटीत जाऊन मिळतात. लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत साधी शील्ड असलेली ऑडिओ केबल ओढली, की शील्डमुळे एक बंद कडे तयार होते: पेटी, मंचावरचे सॉकेट, चार्जर, लॅपटॉप, केबलची शील्ड, मिक्सर, मागचे सॉकेट आणि पुन्हा पेटी. हाच ग्राउंड लूप. तो सभागृहाएवढा मोठा असल्यामुळे आसपासच्या वायरिंगचे चुंबकीय क्षेत्र त्यात व्होल्टेज निर्माण करते. चार्जर आणि इतर उपकरणांमधल्या फिल्टरमधून अर्थिंगमध्ये झिरपणारा प्रवाह त्यात भर घालतो.

समजा, या कड्यात १० मिलिव्होल्ट निर्माण झाले आणि संपूर्ण कड्याचा रोध अर्धा ओहम आहे. मग कड्यात २० मिलिअँपिअर प्रवाह फिरेल. त्यातला ०.२ ओहम रोध केबलच्या शील्डचा आणि तिच्या जॅकचा असेल, तर तिथे ४ मिलिव्होल्ट उभे राहतील. लॅपटॉपमधून येणारा सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा धरला, तर घरघर त्याच्यापेक्षा केवळ ७५ पटींनी, म्हणजे सुमारे ३७ डेसिबलने लहान ठरते. ढोलताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती दडून जाईल, पण दोन कवितांच्या मधल्या शांततेत सगळ्या सभागृहाला ऐकू येईल.

लूपची खात्री करून घेणे सोपे आहे. चार्जर सॉकेटमधून काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. त्या क्षणी हमिंग थांबले, तर कडे तिथेच होते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन्ही उपकरणांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून वीज देणे आणि ऑडिओ केबल त्या वायरला धरून नेणे. त्यामुळे कड्याचे क्षेत्रफळ कमी होते आणि दोन्ही उपकरणांचे अर्थिंग जवळजवळ एकाच पातळीवर येते. अंतर मोठे असेल, तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावतात. त्यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रामार्फत पलीकडे जातो. ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबला, की शील्डची धातूची जोडणीही तुटते आणि कडे उघडते.

तिसरा 'उपाय' सर्रास केला जातो आणि तो करूच नये: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे. त्याने हमिंग जाते, हे खरे. पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेज तार पेटीच्या धातूला टेकली, तर फ्यूज उडणार नाही आणि माइक धरलेल्या माणसाच्या हातात २३० व्होल्ट येऊ शकतील. कडे तोडायचे ते सिग्नलच्या केबलमध्ये. सुरक्षेच्या तारेला हात लावायचा नाही.

एका पेटीच्या आतही हीच गोष्ट घडते आणि स्टार ग्राउंडिंगची खरी जागा तिथे आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायर मोठ्या कपॅसिटरना सलग प्रवाह देत नाही. तो सेकंदाला १०० वेळा छोटे, तीव्र झटके देतो. अ‍ॅम्प्लिफायर नुसता चालू असतानाही हे झटके २ अँपिअरचे असू शकतात. ते ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्यामधल्या ग्राउंडच्या तारेतून जातात. ही तार १ चौरस मिलिमीटर जाडीची आणि अवघी ५ सेंटिमीटर लांब असली, तरी तिचा रोध ०.८६ मिलिओहम भरतो आणि तिच्यावर १.७ मिलिव्होल्टचे झटके दिसतात. इनपुटचा ग्राउंड चुकून या तारेच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या टोकाला जोडला आणि बाकीचे सर्किट कपॅसिटरकडच्या टोकाला, तर हे १.७ मिलिव्होल्ट इनपुटमध्ये मिळतात. अ‍ॅम्प्लिफायर त्यांना २० पट करतो आणि स्पीकरवर सुमारे ३५ मिलिव्होल्ट पोहोचतात. शांत खोलीत एवढे सहज ऐकू येते.

म्हणून झटक्यांची वाट वेगळी ठेवतात. ट्रान्सफॉर्मरची मधली तार थेट दोन कपॅसिटरच्या जोडावर आणायची. त्या जोडापासून एक आखूड जाड तार पुढे काढून तिच्या टोकाला स्टार बिंदू करायचा. मग स्पीकरची परतीची तार, पॉवर स्टेजचा ग्राउंड, प्रीअ‍ॅम्पचा ग्राउंड आणि पेटीच्या धातूची जोडणी या सगळ्या स्वतंत्र तारांनी या एका बिंदूवर आणायच्या. इनपुट सॉकेटचा ग्राउंड मात्र प्रीअ‍ॅम्पच्या ग्राउंडबरोबरच यावा. सॉकेट पेटीपासून विलग हवे, नाहीतर त्याच्या धातूतून दुसरी वाट उघडते आणि पेटीच्या आतच नवा लूप तयार होतो. नवख्या लोकांच्या जोडणीतली नेहमीची चूक म्हणजे स्टार बिंदू थेट कपॅसिटरच्या जोडावर ठेवणे. आकृतीत फरक दिसत नाही, कानाला मात्र कळतो.

मोजमापाच्या यंत्रणेत लूप ऐकू येत नाही, तो आकडे बिघडवतो. के प्रकारचे थर्मोकपल दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. त्याचे टोक भट्टीच्या धातूला जोडलेले असेल आणि रेकॉर्डरचे इनपुटही अर्थ केलेले असेल, तर सभागृहातल्या उदाहरणातले ४ मिलिव्होल्ट जवळजवळ १०० अंशांची हेलकावणारी चूक दाखवतील. चांगली मीटर विजेच्या एका पूर्ण आवर्तनाची, म्हणजे २० मिलिसेकंदांची, सरासरी घेऊन ५० हर्ट्झची चूक बरीचशी पुसतात. खात्रीचा उपाय मात्र वेगळा आहे: थर्मोकपलचे टोक विलग असावे किंवा रेकॉर्डरचे इनपुट तरी.

स्टार ग्राउंडिंगला मर्यादा आहेत. सरळ तारेच्या दर सेंटिमीटरला सुमारे १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. १ मेगाहर्ट्झला अर्ध्या मीटरच्या तारेचा अडथळा ३ ओहमच्या आसपास जातो आणि लांब तारांचा तारा निरुपयोगी ठरतो. म्हणून डिजिटल बोर्डांवर अखंड तांब्याचा थर वापरतात. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट इनपुटच्या तारांना भिडत असेल, तर स्टारने काहीच साधत नाही. इनपुट शॉर्ट करूनही हमिंग उरले, तर तज्ज्ञाने ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून तो थोडा फिरवून पाहावा. आवाज कमी-जास्त झाला, तर दोष ग्राउंडचा नाही.