खडी जितकी मोठी, तितका निचरा चांगला?

मातीच्या धरणातून किंवा पाझर तलावाच्या बांधातून पाणी थोडेफार झिरपणारच. ते थांबवता येत नाही, फक्त त्याला सुरक्षित वाट काढून देता येते. त्यासाठी बांधाच्या हवेकडच्या बाजूला, हार्टिंगच्या म्हणजे चिकणमातीच्या गाभ्याच्या मागे आणि पायथ्याशी वाळू-खडीचे थर घालतात. पाणी जाऊ द्यायचे आणि माती अडवायची, अशी त्या थरांकडून दुहेरी अपेक्षा असते. साइटवर यांतली पहिली सगळ्यांच्या लक्षात राहते. दुसरी विसरली की बांध आतून पोखरला जायला लागतो, आणि वरून पाहणाऱ्याला ते बरेच दिवस कळतही नाही.

गैरसमज: मातीला लागून मोठी खडी घातली की काम झाले

मोठ्या खडीतून पाणी झपाट्याने निघून जाते, हे खरे आहे. पण पाण्याच्या पाठोपाठ मातीही निघून जाते. खडीतल्या पोकळ्या केवढ्या आहेत हे तिच्या मोठ्या दगडांवरून ठरत नाही, बारीक कणांवरून ठरते, कारण मोठ्या दगडांमधल्या फटींत बारीक कणच बसतात. म्हणून या शास्त्रात गाळण थराची ओळख ‘डी-15’ या मापाने होते. नमुन्याच्या वजनापैकी 15 टक्के कण ज्या मापाहून बारीक असतात, ते माप म्हणजे डी-15. अडवायच्या मातीचे मात्र ‘डी-85’ पाहतात. तिचे 85 टक्के कण त्या मापाहून बारीक असतात.

कार्ल टेरझागी यांनी 1920च्या दशकात या दोन मापांची सांगड घातली. जी. ई. बर्ट्राम यांनी 1940मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेत ती तपासून पाहिली. नियम सोपा आहे: गाळण थराचा डी-15 मातीच्या डी-85च्या चार ते पाच पटींहून मोठा नसावा, म्हणजे माती अडते, आणि मातीच्या डी-15च्या चार ते पाच पटींहून लहान नसावा, म्हणजे पाणी वाहते. एक वरची मर्यादा आणि एक खालची. त्या दोन्हींच्या मध्ये बसेल अशी वाळू शोधणे हेच डिझाइन.

मग पोकळी मातीच्या प्रत्येक कणाहून लहान हवी का? नाही, आणि ती तशी ठेवायला गेलात तर पाणीच अडेल. मातीतले मोठे पंधरा टक्के कण थराच्या तोंडाशी अडकले की त्यांच्यामागे त्यांहून बारीक कण अडकतात, त्यांच्यामागे आणखी बारीक. सुरुवातीला थोडी माती निसटते आणि मग मातीच मातीला अडवते. जेम्स शेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकन येथील मृदा प्रयोगशाळेत केलेल्या चाचण्यांत दिसले की वाळू-खडीतून आरपार जाऊ शकणारा मोठ्यात मोठा कण साधारण डी-15च्या नवव्या हिश्श्याएवढा असतो. चार पटींची मर्यादा पाळली तर सुरक्षेचा दुपटीहून अधिक वाव मिळतो, तो असा.

गैरसमज: मातीचा चाळणी तक्ता घ्या, सूत्रात आकडे घाला, उत्तर तयार

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. टेरझागींचा नियम रेताड मातीसाठी होता. आपल्याकडे बांधात बहुधा मुरूममिश्रित चिकणमाती असते, आणि तिला हा नियम जसाच्या तसा लावला की उत्तर साफ चुकते.

एक नमुना घेऊ. शंभर किलो माती. 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर 25 किलो मुरमाचे खडे राहिले, 75 किलो खाली गेली. त्यातली 45 किलो 75 मायक्रॉनच्या चाळणीतूनही गेली, म्हणजे ती गाळ आणि चिकणमाती. संपूर्ण नमुन्याचा डी-85 निघाला 9 मिलिमीटर. चारने गुणा: 36 मिलिमीटर. कागदावर 40 मिमीची खडीही चालून जाते! पण ते 9 मिलिमीटरचे खडे कोणाला अडवणार? ते चिकणमातीत सुटेसुटे तरंगत असल्यासारखे आहेत, एकमेकांना टेकलेले नाहीत. पाणी भोवतालची माती घेऊन जाईल आणि खडे जागेवर राहतील.

म्हणून शेरार्ड आणि डनिगन यांच्या कामावर आधारलेली, अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याने रूढ केलेली पद्धत आधी एक पायरी सांगते. 4.75 मिमीवरचे सगळे काढून टाका आणि उरलेल्या मातीला शंभर धरा. आपल्या नमुन्यात 75पैकी 45, म्हणजे 60 टक्के माती 75 मायक्रॉनखाली आहे. हे प्रमाण 40 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर थराचा डी-15 0.7 मिलिमीटरहून मोठा नको, मग डी-85 काहीही असो. 36 आणि 0.7. एकाच मातीसाठी दोन उत्तरे, पन्नास पटींचा फरक, आणि तो सगळा चाळणीच्या एका पायरीत.

बाकीच्या प्रकारांचे थोडक्यात सांगतो. 85 टक्क्यांहून अधिक बारीक असलेल्या काळ्या मातीसारख्या मातीसाठी डी-85च्या नऊ पटींपर्यंत चालते, पण मर्यादा 0.2 मिमीच्या खाली नेत नाहीत. 15 टक्क्यांहून कमी बारीक असेल तर जुना चार पटींचा नियम, आणि 15 ते 39 टक्क्यांसाठी ती चार पट आणि 0.7 मिमी यांच्यामधले प्रमाणशीर माप. पाण्यात टाकताच गढूळ होऊन विरघळल्यासारखी पसरणारी माती असेल तर मर्यादा आणखी कडक होते. वरच्या नमुन्याची माती तशी निघाली असती तर 0.7ऐवजी 0.5 मिमी.

खालची मर्यादा आपल्या नमुन्यात अडचण करत नाही. चिकणमातीचा डी-15 मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत असतो, त्यामुळे थराचा डी-15 निदान 0.1 मिमी असावा एवढीच अट उरते. म्हणजे 0.1 ते 0.7. काँक्रीटला लागणारी चांगली नदीची वाळू, भारतीय मानक 383मधल्या दुसऱ्या झोनची, घेतली तर तिचा डी-15 साधारण 0.18 ते 0.36 मिमी येतो. चपखल बसते. बहुतेक चिकणमातीला काँक्रीटची वाळू पुरते, असे शेरार्ड यांच्या चाचण्यांतूनही दिसले होते.

आता त्या वाळूमागे काय? वाळूवर थेट 40 मिमीची खडी टाकली तर तीच चूक पुढच्या थरात होते. समजा वाळूचा डी-85 2 मिमी आहे. मग खडीचा डी-15 8 मिमीपर्यंत चालतो, आणि एकाच मापाच्या 40 मिमी खडीचा असतो साधारण 22. 10 मिमीच्या खडीचा डी-15 5 मिमीच्या आसपास, ती बसते. तिचा डी-85 साडेनऊ धरला तर पुढची मर्यादा 38 होते, म्हणजे तिच्यामागे 40 मिमीची खडी आणि मग रॉक टोचे मोठे दगड लावता येतात. माती, वाळू, बारीक खडी, मोठी खडी, दगड: प्रत्येक जोडीचा हिशेब वेगळा करायचा. मधला एक थर वाचवला की सारी साखळी तुटते.

गैरसमज: वाळू जितकी बारीक आणि ‘भरीव’, तितकी गाळण चांगली

वाळूत 75 मायक्रॉनखालचा चुरा 5 टक्क्यांहून जास्त नको. कारण फक्त निचऱ्याचे नाही. बांध खचला आणि हार्टिंगला तडा गेला तर गाळण थराने त्याच्याबरोबर तडकू नये. कोरडी स्वच्छ वाळू जशी ढिगातून ढासळते, तशी ती फटीत ढासळून फट बुजवायला हवी. चिकट चुरा असलेली वाळू तसे करत नाही, ती तडा जसाच्या तसा उघडा धरून ठेवते.

त्यामुळे ‘काँक्रीटला चालते ना, मग इथेही चालेल’ हे क्रश सँडच्या बाबतीत धोक्याचे आहे. मानक 383 दगड फोडून केलेल्या वाळूत नदीच्या वाळूपेक्षा बरीच जास्त धूळ चालवून घेते. काँक्रीटसाठी ते ठीक, गाळणीसाठी नाही. धुवून आणि चाळून मगच ती वापरता येते. साइटवर यासाठी इंग्लंडचे पी. आर. व्हॉन यांनी सुचवलेली एक सोपी तपासणी आहे. ओलसर वाळू छोट्या बादलीत ठासून भरा, उथळ घमेल्यात पालथी घालून वाळूचा गड करा आणि घमेल्यात हळूहळू पाणी भरा. पाणी चढेल तसा गड कोसळला तर वाळू चांगली. उभाच राहिला तर ती परत पाठवा.

नदीपात्रातून उचललेली गोटे-वाळू एकत्र असलेली ‘मिक्स’ रेती हाही फसवा प्रकार. तक्त्यावर तिचा डी-15 सुंदर दिसतो. पण डंपर उलटला की गोटे ढिगाच्या पायथ्याशी घरंगळतात आणि वाळू माथ्याशी राहते, म्हणजे थरात कुठेतरी नुसत्या गोट्यांची पट्टी तयार होते. म्हणून डी-10 अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असेल तर डी-90 20 मिमीच्या वर जाऊ देत नाहीत. एकूण मोठ्यात मोठा दगड 75 मिमीचा.

गैरसमज: माती नीट दाबली तर गाळण थराची गरज नाही

अमेरिकेत आयडाहो राज्यातले टेटन धरण 5 जून 1976 रोजी, पहिल्यांदाच भरत असताना फुटले. 11 माणसे गेली. गाभ्याची माती वाऱ्याने साचलेली गाळवट, दाबलेली नीट होती. पण ती भेगाळलेल्या खडकात खोदलेल्या खंदकात थेट खडकाला टेकून भरली होती. भेगा पुरत्या बुजवल्या नव्हत्या आणि त्यांच्या तोंडाशी गाळण थर नव्हता. सकाळी पायथ्याशी दिसलेला झिरपा दुपारपर्यंत धरण घेऊन गेला. दाबल्याने मातीची ताकद वाढते, पण गाळवट माती वाहत्या पाण्याला लागून मोकळी झाली की ती ताकद उपयोगाची राहत नाही.

गैरसमज: पायथ्याचे पाणी नितळ, म्हणजे सगळे ठीक

टो ड्रेनला सुरुवातीचे काही दिवस थोडे गढूळ पाणी येते, कारण थराच्या तोंडाशी माती बसत असते. ते साफ झाले पाहिजे. पण नितळ पाण्याकडे एकदाच पाहून निष्कर्ष काढू नये. बरणी भरून रात्रभर ठेवा, तळाशी गाळ बसतो का ते पाहा. व्ही-नॉचवर प्रवाह मोजा आणि त्याशेजारी तलावाची पातळी लिहा. पातळी तीच असताना प्रवाह वाढत असेल, तर आत वाट रुंदावत आहे. प्रवाह कमी होणेही नेहमीच चांगली खूण नसते. थर चुऱ्याने तुंबला तर पाणी ड्रेनकडे येतच नाही, ते बांधात साचते. तेव्हा पायझोमीटरमधली पातळी चढते, आणि हवेकडच्या उतारावर ड्रेनच्या बऱ्याच वर ओल दिसू लागते.