वर्गणीचं गणित – भाग ६ : गेलेले कधी परततात?

वर्गणीदार का सोडून जातात, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. गेलेल्यांपैकी कोण परत येतात आणि किती महिन्यांनी, हा आजचा विषय. रोजचं दूध, व्यायामशाळेचा पास, 'द केन'सारखं वाचकांच्या वर्गणीवर चालणारं प्रकाशन असे धंदे बंगळूरुत पुष्कळ असल्यामुळे हा हिशेब तिथे अनेकांना करावा लागतो.

हिशेबाची पहिली पायरी म्हणजे 'गेला' कुणाला म्हणायचं ते ठरवणं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल, तर दर वेळी त्याची ओटीपीसारखी मंजुरी घ्यायची. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये झाली. सुरुवातीला बऱ्याच बँकांची तयारी नव्हती, त्यामुळे जुन्या मंजुऱ्या चालेनाशा झाल्या. ज्याने सोडायचा विचारही केला नव्हता, तो कंपनीच्या नोंदीत 'बंद' झाला. कार्डाची मुदत संपली किंवा खात्यात शिल्लक नसली, तरी हेच होतं. सहसा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लवकर परततात ते हेच लोक. पैसे भरायची नवी लिंक पोहोचली की बरेच जण काही दिवसांत सुरू होतात. त्यांना वेगळं काढलं नाही, तर परतीचा आकडा फुगतो आणि श्रेय सवलतीच्या मेसेजला मिळतं.

आता उरले ते स्वतःहून गेलेले. बंद करताना त्यांनी निवडलेलं कारण जसंच्या तसं खरं धरू नये. 'महाग वाटतं' हे उत्तर सोपं असतं, कुणी उलट विचारत नाही. म्हणून सोडण्याआधीच्या ३० दिवसांचा वापर त्याच्याशेजारी मांडावा. शेवटपर्यंत रोज वापरून 'महाग' म्हणणाऱ्याची अडचण खरोखर पैशांची असते, आणि दर कमी झाला की तो परतण्याची शक्यता चांगली असते. महिनाभर ॲप न उघडता 'महाग' म्हणणाऱ्याचा उपयोगच संपलेला असतो. त्याला निम्म्या दराचं आमंत्रण दिलं तरी तो बहुधा हलत नाही, आणि आलाच तर सवलत संपताच पुन्हा जातो.

तिसरा गट हंगामी. यांच्या बाबतीत 'सरासरी किती महिन्यांनी' हा प्रश्नच चुकतो. आयपीएल संपल्यावर जूनमध्ये वर्गणी बंद करणारा मार्चमध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी येतो. नोव्हेंबरात बंद करणारा त्याच मार्चमध्ये, पण चारच महिन्यांनी येतो. सरासरी साडेसहा निघते आणि त्या सुमारास कुणीच येत नाही. या गटाची परती तारखेनुसार मांडावी. आणि ज्यासाठी लोक येत होते तेच गेलं, तर हंगामही कामाचा नाही. २०२३ पासूनचे आयपीएलचे डिजिटल हक्क डिस्ने+ हॉटस्टारकडून व्हायकॉम१८ कडे गेले. हॉटस्टारचे ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.१३ कोटी असलेले वर्गणीदार वर्षभरात ३.७६ कोटींवर आले.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, छेद. समजा, दर महिन्याला १०० याप्रमाणे वर्षभरात १,२०० जण गेले आणि २४० परतले. कंपनी सांगते, २० टक्के. पण गेल्या महिन्यात सोडलेल्याला परतायला वेळच कुठे मिळाला? 'सहा महिन्यांत किती' हे हवं असेल, तर सोडून किमान सहा महिने झालेले ६०० जणच छेदात घ्यायचे. समजा, त्यांतले १५० सहा महिन्यांच्या आत आले. मग प्रमाण २५ टक्के. उरलेल्या ९० पैकी १० जण सहा महिन्यांनंतर आले, आणि ८० अलीकडे सोडलेल्यांपैकी आहेत. दोन्ही या मोजणीत धरायचे नाहीत. असंच प्रत्येक कारणाचं एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांचं कोष्टक करायचं. ताडून पाहायला अमेरिकेतल्या व्हिडिओ सेवांचे अँटेना या संस्थेचे २०२४ मधले आकडे आहेत: सोडणाऱ्यांपैकी पाव लोक चार महिन्यांत परततात, एकतृतीयांश सात महिन्यांत, निम्मे दोन वर्षांत. म्हणजे तीन महिन्यांनी वही मिटणाऱ्या कंपनीला अर्धीअधिक परती दिसतच नाही.

दोन चुका मात्र कोष्टकात दिसत नाहीत. नव्या मोबाइल नंबरवरून आलेला जुना ग्राहक 'नवा' म्हणून नोंदला जातो. यूपीआय आयडी किंवा घरचा पत्ता जुळवला की तो सापडतो. आणि सवलत सगळ्यांनाच पाठवली, तर तिच्याशिवाय किती आले असते ते कधीच कळत नाही. म्हणून दर कारणातले दहा टक्के लोक चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्यांना काहीच पाठवू नये. दोन्ही गटांच्या परतीच्या प्रमाणातला फरक, तेवढीच सवलतीची कमाई.

पुढच्या आठवड्यात : परतलेला दुसऱ्यांदा किती टिकतो?